क्रॅनबेरीचे काम आणि प्रतिजैविकांचे काम

लघवीला वारंवार जावेसे वाटणे, गेल्यावर थेंब-दोन थेंबच होणे, होताना आग होणे आणि ओटीपोटात दुखणे ही मूत्राशयाच्या जंतुसंसर्गाची लक्षणे. चारपैकी निदान तीन वेळा हा संसर्ग ई. कोलाय या जिवाणूमुळे होतो. हा जिवाणू मुळात आतड्यात राहणारा आहे आणि तिथे सहसा त्रास देत नाही. गुदद्वाराजवळच्या त्वचेवरून तो मूत्रनलिकेच्या तोंडाशी येतो आणि तिथून वर चढतो. स्त्रियांची मूत्रनलिका जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असते, पुरुषांची सुमारे २०. हा त्रास बायकांना इतका जास्त का होतो, याचे मोठे कारण हेच.

मूत्राशयात पोहोचलेले जिवाणू खरे तर लघवीबरोबर धुऊन जायला हवेत. तसे होत नाही, कारण त्यांच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात आणि या तंतूंच्या टोकांनी ते मूत्राशयाच्या अस्तराला घट्ट धरून ठेवतात. एकदा पकड बसली की ते वाढतात, काही तर अस्तराच्या पेशींच्या आत शिरतात. तिथे सूज येते आणि आग सुरू होते. क्रॅनबेरीचा उपयोग कुठे होऊ शकतो आणि कुठे नाही, हे या पकडीवरूनच कळते.

क्रॅनबेरी हे उत्तर अमेरिकेतल्या पाणथळ जमिनीत वाढणाऱ्या बुटक्या वेलीचे लाल, आंबट-तुरट फळ. ते लघवी आम्ल करते आणि त्यामुळे जंतू मरतात, असा समज अनेक दशके होता. प्रत्यक्षात खाण्याजोग्या प्रमाणात घेतलेल्या क्रॅनबेरीने लघवीची आम्लता जंतू मरण्याइतकी वाढत नाही. १९८० च्या दशकात प्रयोगशाळेत वेगळीच गोष्ट दिसली: या फळाच्या रसात जिवाणू पेशींना नीट चिकटू शकत नव्हते. हा गुण त्यातल्या प्रोअँथोसायनिडिन नावाच्या तुरट द्रव्यांना दिला जातो. ही द्रव्ये द्राक्षात आणि चहातही असतात, पण क्रॅनबेरीत त्यांची जी जोडणी आढळते तिला ए-प्रकार म्हणतात आणि चिकटण्याला अडथळा मुख्यतः तीच करते.

चिकटू न देणे आणि मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अस्तरात रुतून बसलेल्या, वाढत असलेल्या जिवाणूंना क्रॅनबेरी उखडून काढू शकत नाही. त्यामुळे आग सुरू झाल्यावर रस प्यायल्याने संसर्ग बरा होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. तिचा उपयोग आहे तो संसर्ग नसताना, पुढचा टाळण्यासाठी.

तो किती, याचे उत्तर मध्यंतरी बदलले. वैद्यकीय चाचण्यांचा एकत्रित आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१२ मध्ये क्रॅनबेरीचा म्हणावा तसा फायदा दिसत नाही असे म्हटले होते. त्यानंतर नव्या चाचण्यांची भर पडली. २०२३ च्या आढाव्यात ५० चाचण्या आणि जवळजवळ ९ हजार माणसे होती, आणि निष्कर्ष उलटा आला. ज्या स्त्रियांना संसर्ग पुन्हा पुन्हा होतो त्यांच्यात क्रॅनबेरीमुळे धोका सुमारे २६ टक्क्यांनी घटला. म्हणजे एरवी ज्या १०० जणींना तो झाला असता, त्यांतल्या साधारण २६ जणी वाचल्या. वारंवार संसर्ग होणाऱ्या मुलांत फायदा याहून जास्त दिसला. गरोदर स्त्रिया, वृद्धाश्रमातली वयस्क माणसे आणि ज्यांचे मूत्राशय पूर्ण रिकामे होत नाही असे रुग्ण यांच्यात मात्र फायदा आढळला नाही. एकंदरीत हा फायदा खरा आहे, पण माफक आहे. ७४ जणींना संसर्ग होतोच, हेही त्याच आकड्यात आहे.

खरेदी करताना पाहायचे ते प्रोअँथोसायनिडिनचे प्रमाण. बहुतेक अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम हे प्रमाण धरले जाते. भारतात मिळणाऱ्या अनेक गोळ्यांच्या वेष्टनावर ‘क्रॅनबेरी अर्क’ ठळक छापलेला असतो. त्यात हे द्रव्य किती, ते सांगितलेले नसते. अर्काचे वजन आणि द्रव्याचे वजन एक नव्हे. परिणाम काही तासच टिकतो, म्हणून मात्रा रोज घ्यावी लागते, अधूनमधून नाही. खोक्यातल्या रसात बहुतेकदा भरपूर साखर असते आणि मधुमेह्यांसाठी तो चांगला पर्याय नाही. मुतखडा होण्याची प्रवृत्ती असेल किंवा रक्त पातळ ठेवणारी वॉरफरिनची गोळी चालू असेल, तर क्रॅनबेरी नियमित सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारावे. सह्याद्रीतले करवंद लाल-काळे आणि आंबट असले तरी वेगळ्याच कुळातले आहे. क्रॅनबेरीच्या चाचण्यांचे निष्कर्ष त्याला लागू होत नाहीत, आणि कोकम किंवा आवळ्यालाही नाहीत.

क्रॅनबेरीच्या गोळीत हल्ली बऱ्याचदा डी-मॅनोज नावाची साखर मिसळलेली असते. जिवाणूचे तंतू अस्तराऐवजी या साखरेला धरतील आणि वाहून जातील, ही कल्पना सुंदर आहे. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६०० स्त्रियांवर झालेल्या चाचणीत रोज २ ग्रॅम डी-मॅनोज सहा महिने देऊनही साध्या बनावट पावडरीपेक्षा लक्षणीय फरक पडला नाही.

सर्वांत स्वस्त उपायाला मात्र चांगला आधार आहे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत वारंवार मूत्राशयाचा संसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्या जणींना नेहमीपेक्षा दीड लिटर पाणी अधिक प्यायला सांगितले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, उरलेल्या जणींना ३.२ वेळा. लघवी जास्त झाली की जिवाणूंना वाढायला आणि चिकटायला वेळच मिळत नाही. जी आधीच भरपूर पाणी पिते तिला आणखी पिऊन असाच फायदा होईल, असे या चाचणीवरून म्हणता येत नाही.

धणे-जिऱ्याचे पाणी, सब्जा, वाळ्याचे पाणी, शहाळे, नाचणीची आंबील हे घरोघरचे उपाय या पाण्याच्या हिशेबात बसतात. एप्रिल-मे महिन्यांत घाम जाऊन लघवी गडद होते आणि तेवढ्यानेही जळजळते. यालाच उन्हाळी लागणे म्हणतात. ती पाणी वाढवल्यावर एक-दोन दिवसांत थांबते. पाणी वाढवून, लघवी फिकट होऊनही आग आणि घाई तशीच राहिली, तर ते उन्हाचे नव्हे, संसर्गाचे लक्षण समजावे. धण्याजिऱ्याने संसर्ग बरा होतो असे दाखवणाऱ्या चाचण्या नाहीत, पण त्या पाण्याने नुकसानही होत नाही.

खाण्याच्या सोड्याचे तसे नाही. चहाच्या एका सपाट चमच्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते, आणि रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांना ते त्रासाचे ठरू शकते. औषधाच्या दुकानात मिळणारे डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचे सिरप लघवीची आम्लता कमी करते. त्याने आग कमी वाटू शकते, जिवाणू मरत नाहीत. शिवाय नायट्रोफ्युरँटॉइन हे या आजारावरचे नेहमीचे औषध आम्ल लघवीत अधिक चांगले काम करते, त्यामुळे त्याच्याबरोबर हे सिरप घेणे औषधाच्या मुळावरच येते. दोन्ही एकाच चिठ्ठीवर असतील तर डॉक्टरांना जरूर विचारावे.

हे सगळे एका उदाहरणात पाहता येईल. समजा, ३५ वर्षांची एक शिक्षिका आहे. शाळेतले स्वच्छतागृह अस्वच्छ, म्हणून ती सकाळी ७ ते दुपारी १ पाणीच पीत नाही आणि लघवी दाबून धरते. वर्षात तिला तिसऱ्यांदा संसर्ग झाला आहे. वर्षात तीन किंवा सहा महिन्यांत दोन संसर्ग झाले की डॉक्टर त्याला वारंवार होणारा संसर्ग मानतात. आधीच्या दोन्ही वेळी तिने घरात उरलेल्या नॉरफ्लॉक्सासिनच्या गोळ्या दोन दिवस घेतल्या आणि बरे वाटताच सोडल्या. भारतात ई. कोलायचा मोठा हिस्सा आता या गटातल्या औषधांना दाद देत नाही, त्यामुळे तिसऱ्यांदाही त्याच गोळ्या घेण्यात शहाणपण नाही.

या वेळी गोळी घेण्याआधी लघवीचे कल्चर करावे. त्यासाठी जागा पाण्याने धुऊन, सुरुवातीची धार सोडून, मधली धार प्रयोगशाळेच्या निर्जंतुक डबीत धरायची आणि डबी लगेच पोहोचवायची. पहिली धार घेतली किंवा डबी तासन् तास बाहेर राहिली, तर त्वचेवरचे जंतू वाढून अहवाल फसवा येतो. उत्तराला साधारण दोन दिवस लागतात. तोवर डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा पाच दिवस, किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची एकच मात्रा देतात. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यावे. त्याने लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी होते, त्याला घाबरू नये. आग दोन-तीन दिवसांत कमी व्हायला हवी. झाली नाही, तर जिवाणू कोणत्या औषधाला दाद देतो हे कल्चरच्या अहवालात पाहून औषध बदलता येते. संसर्ग ओसरल्यावर तिने प्रत्येक जेवणाबरोबर अर्ध्या लिटरची एक बाटली अधिक प्यावी, मधल्या सुट्टीत लघवीला जाणे टाळू नये, आणि हवी असल्यास क्रॅनबेरी सुरू करावी. स्वच्छतागृहाची सोय मात्र शाळेनेच करायला हवी. ती नसेल तर पाणी प्या हा सल्ला तिच्यासाठी निरुपयोगी आहे.

हीच स्त्री रजोनिवृत्तीनंतरची असती, तर उपायांचा क्रम वेगळा असता. इस्ट्रोजेन घटल्याने योनीतले हितकर जिवाणू कमी होतात आणि ई. कोलायला जागा मिळते. अशा वेळी योनीत लावायच्या इस्ट्रोजेनच्या मलमाने संसर्गाचे प्रमाण बरेच खाली येते, हे १९९० च्या दशकापासून माहीत आहे. तरीही ते सुचवले जाते फार कमी.

निरोगी तरुण स्त्रीचा सौम्य संसर्ग काही वेळा औषधाविना बराही होतो. जर्मनीतल्या एका चाचणीत नुसते वेदनाशामक आयबुप्रोफेन घेतलेल्या दोनतृतीयांश स्त्रियांना पुढे प्रतिजैविकाची गरज पडली नाही, पण त्यांचा त्रास अधिक काळ चालला आणि त्या गटात मूत्रपिंडापर्यंत संसर्ग गेलेल्या स्त्रियाही जास्त निघाल्या. म्हणून थांबून पाहण्याचा निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. थंडी वाजून ताप येणे, कंबरेच्या वर एका बाजूला दुखणे, उलट्या होणे ही संसर्ग मूत्रपिंडात गेल्याची लक्षणे आहेत. तिथे घरगुती उपायांत एक दिवसही घालवू नये. नायट्रोफ्युरँटॉइनही तिथे चालत नाही, कारण ते लघवीत साठते, मूत्रपिंडाच्या पेशींत पुरेसे उतरत नाही. पुरुष, लहान मुले, मधुमेही आणि मूत्रनळी बसवलेले रुग्ण यांच्यात साधी आगही तपासून घ्यावी. लघवीतून रक्त जात असेल तर कोणीही तपासणी टाळू नये.

गरोदरपणात तर काहीच त्रास नसतानाही लघवी तपासतात, कारण लक्षणांविना असलेले जिवाणूही त्या काळात मूत्रपिंडापर्यंत जाऊ शकतात. ते सापडले तर औषध देतात. वयस्क माणसांत याच्या उलट आहे. लघवीत जिवाणू सापडले, पण आग, घाई, ताप काहीच नाही, अशी स्थिती उतारवयात पुष्कळदा असते, आणि तिथे केवळ अहवाल पाहून प्रतिजैविक देऊ नये. त्याने फायदा होत नाही. उरलेले जिवाणू मात्र त्या औषधाला सरावतात.