अननसाने जेली का बिघडते?

मुलांनो, टेबलावर तीन वाट्या आहेत. काल रात्री मी दहा ग्रॅम जिलेटिन थंड पाण्यात फुलवलं, गरम पाण्यात विरघळवलं आणि एकूण अर्धा लिटर केलं. ते कोमट झाल्यावर पहिल्या दोन वाट्यांत ओतलं. पहिलीत ताज्या अननसाच्या फोडी टाकल्या, दुसरीत त्याच अननसाच्या, पण पाच मिनिटं उकळून गार केलेल्या. रात्रभर दोन्ही फ्रीजमध्ये होत्या. आता कलती करून बघा. दुसरी वाटी थरथरते, पण सांडत नाही. पहिलीत मात्र नुसतं सरबत आहे.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांतल्या कोलॅजेन या प्रथिनापासून बनतं. गरम पाण्यात त्याचे लांबच लांब धागे सुटे होतात. गार होताना ते जागोजागी एकमेकांना पीळ घालतात, जाळं तयार होतं आणि पाणी त्यात अडकून बसतं. जेली म्हणजे हे अडकलेलं पाणी.

अननसात ब्रोमेलेन असतं. प्रथिनांची साखळी कापणारं हे एन्झाइम. दोऱ्याचे बोटभर तुकडे केले तर त्यांचं जाळं विणता येईल का? पहिल्या वाटीत तेच झालं. तुम्ही म्हणाल, मग जिलेटिन जास्त घालू. पण कात्री दोरा कापून संपत नाही, तसं ब्रोमेलेनही संपत नाही, ते पुढचा धागा पकडतं. थोडं जास्त जिलेटिन घातल्याने फक्त त्याचं काम वाढतं. फ्रीजच्या गारठ्यात ते मंदावतं, थांबत नाही. म्हणूनच जमलेल्या जेलीवर ताजी फोड ठेवली, तर काही तासांनी ती उचलून पाहा: खाली खळगा पडलेला असतो आणि खळग्यात पाणी.

एन्झाइम स्वतःही प्रथिनच आहे. त्याचा विशिष्ट आकार म्हणजे त्याची धार. उकळल्यावर तो आकार मोडतो आणि गार केलं तरी परत येत नाही. डब्यातला अननस आधीच तापवलेला असतो, म्हणून तो चालतो. फ्रीझरमधला चालत नाही, कारण गोठवल्याने हा आकार मोडत नाही. उकळताना फोडी लहान करा. मोठी फोड आतून कोमटच राहिली, तर तिच्या गाभ्यातलं ब्रोमेलेन वाचतं आणि जेली तिच्याभोवतीच सैल पडते.

कच्ची पपई आणि किवीतही अशी एन्झाइमं असतात. सफरचंद, संत्र्याने जेली बिघडत नाही.

आता तिसरी वाटी. हिच्यातही ताजाच अननस आहे, तरी ती घट्ट आहे. हिच्यात जिलेटिन नाही, चायना ग्रास आहे. ते समुद्री शेवाळापासून मिळतं आणि प्रथिन नसून साखरेच्या कणांची साखळी असते. ब्रोमेलेनला तिथे कापायला काहीच सापडत नाही. घरी कुणाची जेली अननस घालूनही छान जमली असेल, तर पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच शाकाहारी जेलींत जिलेटिन नसतंच.