चाई की नायटा?

दुसरीतल्या एका मुलाच्या डोक्यावर, कानाच्या जरा वर, रुपयाएवढा चट्टा पडला. केस कापणाऱ्याने पाहून सांगितलं, चाई आहे. मेडिकलमधून चाईवर म्हणून ट्यूब आणली, ती निघाली स्टेरॉइडची. चार दिवसांत खाज कमी झाली आणि घरचे निर्धास्त झाले. दीड महिन्यानंतर तो माझ्याकडे आला तेव्हा चट्टा तळहाताएवढा झाला होता, मानेमागे गाठी हाताला लागत होत्या आणि धाकट्या बहिणीच्या डोक्यातही खपल्या दिसू लागल्या होत्या. ती चाई नव्हती. तो डोक्यातला नायटा होता.

चाईत शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. केसाला कीड लागते हा जुना समज खोटा आहे, आणि चाई एकाची दुसऱ्याला होत नाही. नायटा मात्र बुरशीचा. ती केसातच शिरते, म्हणून केस टाळूलगत तुटतात, आणि कंगवा, टोपी, टॉवेल यांवरून ती भावंडांत फिरते.

फरक पाहायचा तर मुलाला उजेडात बसवा आणि चट्ट्यावरून बोट फिरवा. चाईची जागा गुळगुळीत, नेहमीच्या कातडीच्या रंगाची लागते. कडेला कधी मुळाशी बारीक आणि टोकाला जाड असे तोकडे केस दिसतात, नखांवर टाचणीने टोचल्यासारखे खड्डे असतात. नायट्याची जागा खरखरीत. कोंड्यासारख्या खपल्या, खाज, आणि तुटलेल्या केसांचे काळे ठिपके. शंका राहिली तर खरवडलेल्या खपल्या आणि तुटके केस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. बुरशी थोड्याच वेळात दिसू शकते. निळ्या-जांभळ्या प्रकाशाच्या दिव्यावर मात्र विसंबू नये, कारण आपल्याकडे नेहमी आढळणारी एक बुरशी त्यात चमकतच नाही.

इतकं बारकाईने पाहायचं, कारण चाईत जे स्टेरॉइड उपयोगी पडतं तेच नायट्यात घात करतं. लाली आणि खाज दबते, बुरशी आत पसरत राहते. नुसतं बुरशीचं मलमही पुरत नाही, ते केसाच्या मुळापर्यंत पोहोचत नाही. पोटातून औषध घ्यावंच लागतं. या मुलाला वजनाप्रमाणे ग्रिसिओफल्विन दिलं, दूध-तुपाच्या जेवणाबरोबर, सलग आठ आठवडे. बहिणीची तपासणी करून तिच्यावरही उपचार केले. कंगवे वेगळे झाले.

कधी नायटा सुजून पू भरल्यासारखा मऊ होतो. गळू समजून तो चिरू नये. ती सूज बुरशीविरुद्धची असते, आणि उपचार लांबले तर तिथे वण राहून केस कायमचे जातात.

चाईचे एक-दोन लहान चट्टे बहुतेक मुलांत वर्षभरात आपोआप भरतात, सुरुवातीला पांढऱ्या केसांनी. त्यावर लसूण किंवा जमालगोटा चोळून पोराची कातडी भाजू नका. चाईच्या मुलाला एक दिवसही शाळेतून घरी ठेवायची गरज नाही. नायट्याचं मूलही औषध सुरू झालं की शाळेत जाऊ शकतं, फक्त त्याची टोपी दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊ देऊ नका.