पेन्शनच्या खात्याला दुसरी कडी

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "पोर्टलवरून पैसे निघतच नाहीत, पेन्शन थेट बँकेत जमा होते. मग चोर तिथे येऊन नेणार काय?" प्रश्न रास्त आहे. फोनवर घाईत त्याचं उत्तर देणं मला जमलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. खात्याला टू-स्टेप व्हेरिफिकेशन लावा असं मी सारखं का म्हणतो, ते यातून कळेल.

चोर तिथून माहिती नेतो. तुमचं खातं उघडून पहिल्या पानावर काय काय दिसतं ते एकदा बघा. पीपीओ क्रमांक, निवृत्तीची तारीख, मूळ पेन्शन, महागाई भत्ता, बँकेची शाखा, घरचा पत्ता, आणि कुटुंब निवृत्तिवेतनासाठी नोंदवलेलं आईचं नाव. आता नोव्हेंबर महिना डोळ्यांसमोर आणा. हयातीचा दाखला द्यायचे दिवस. दुपारी फोन येतो. "नमस्कार साहेब, ट्रेझरीतून बोलतोय. तुमचा पीपीओ क्रमांक अमुक, निवृत्ती अमुक तारखेची, पेन्शन अमुक शाखेत जमा होते, बरोबर? तुमचा हयातीचा दाखला सिस्टिमला दिसत नाही. पुढच्या महिन्याची पेन्शन अडकेल. इथूनच अपडेट करून देतो, मोबाइलवर आलेला नंबर तेवढा सांगा." पलीकडचा माणूस एकही गोष्ट चुकीची सांगत नाही, म्हणून संशय येत नाही. आणि मोबाइलवर आलेला तो नंबर दाखल्याचा नसतो, बँकेच्या व्यवहाराचा असतो. अशा फोनबद्दल सरकारने पेन्शनरांना सावध केलेलं आहे. हयातीचा दाखला ऑनलाइन अपडेट करण्यासाठी पेन्शन देणारं कार्यालय कोणालाही फोन करत नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'जीवन प्रमाण'साठी बोटाचा ठसा, बुबुळ किंवा चेहरा लागतो. फोनवर आकडे सांगून तो दाखला तयार होत नाही.

म्हणजे पोर्टलमध्ये शिरणं ही चोराची पहिली पायरी असते, पैसे तो दुसरीकडून काढतो. त्याला या पहिल्या पायरीवरच अडवायचं आहे.

तुम्ही म्हणाल, पासवर्ड माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, तो डायरीत लिहिलाय आणि डायरी कपाटात आहे. डायरीची मला अजिबात काळजी वाटत नाही. हा चोर आपल्या घरात येत नाही. काळजी वाटते ती एकच पासवर्ड अनेक ठिकाणी वापरण्याची. औषधं मागवायची साइट, रेल्वेचं बुकिंग, सोसायटीचं ॲप, सगळीकडे तोच असेल, तर त्यांपैकी एखाद्या ठिकाणची यादी फुटली की तुमचा ईमेल आणि पासवर्ड अशी जोडी चोरांच्या बाजारात पोचते. मग त्यांचे प्रोग्राम ती जोडी बँका, ईमेल, पेन्शनची पोर्टल अशा सगळ्या दारांवर आपोआप लावून बघतात. कुठलं तरी उघडतं. तुमच्याकडून काहीही चूक झालेली नसते आणि तुम्हाला काही कळतही नाही.

दुसरी कडी इथे कामाला येते. पासवर्ड ही माहीत असलेली गोष्ट, तर दुसरी पायरी म्हणजे जवळ असलेली वस्तू, तुमचा मोबाइल. पासवर्ड बरोबर दिला तरी पोर्टल थांबतं आणि त्या मोबाइलवर दिसणारे सहा आकडे मागतं. दूर कुठेतरी बसलेल्या चोराजवळ पासवर्ड असतो, मोबाइल नसतो. सहा आकड्यांच्या दहा लाख जुळण्या होतात आणि चार-पाच वेळा चुकलं की खातं काही काळ बंद होतं. त्यामुळे अंदाजाने आत शिरणं त्याला जवळपास अशक्य होतं.

तुमच्या पोर्टलच्या प्रोफाइलमध्ये 'सुरक्षा' या भागात दोन पर्याय आहेत: एसएमएसने येणारा ओटीपी आणि ऑथेंटिकेटर ॲप. माझा आग्रह ॲपचा आहे. एसएमएस तुमच्या सिमकार्डावर येतो, आणि सिम दुसऱ्याच्या हातात जाऊ शकतं. खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबराचं नवं सिम कोणी काढलं, तर तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक जातं आणि सगळे ओटीपी त्याच्याकडे जायला लागतात. त्यामुळे घरात इतरांच्या फोनला रेंज असताना तुमच्याच फोनवर तासभर 'नो सर्व्हिस' दिसत राहिलं, तर रिचार्ज संपला असेल म्हणून गप्प बसू नका. लगेच आईच्या फोनवरून कंपनीला विचारा.

ॲपमध्ये निरोप कुठून येतच नाही. सुरुवातीला पोर्टल पडद्यावर एक चौकोनी क्यूआर कोड दाखवतं. त्यात अक्षरांची एक लांबलचक गुप्त ओळ दडलेली असते. तुम्ही तो स्कॅन केलात की ती ओळ तुमच्या फोनमध्येही राहते आणि पोर्टलकडेही. त्यानंतर दर ३० सेकंदांनी दोघंही ती गुप्त ओळ आणि त्या क्षणाची वेळ घेऊन एकच गणित करतात आणि सहा आकडे काढतात. गणित एकच, वेळ एकच, म्हणून उत्तरही एकच येतं. या पद्धतीचं प्रमाण २०११ मध्येच जाहीर झालं आहे आणि निरनिराळ्या कंपन्यांची ॲप हेच गणित करतात. त्याला इंटरनेट लागत नाही, रेंज लागत नाही. गावी वाड्यात, जिथे फोन करायला अंगणात यावं लागतं, तिथेही आकडे दिसतील. फक्त फोनचं घड्याळ बरोबर हवं. आकडे बरोबर टाकूनही पोर्टल नाकारत असेल, तर सेटिंगमध्ये तारीख आणि वेळ 'आपोआप' ठेवली आहे का ते बघा. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो.

मग तुमची मोठी शंका: फोन हरवला किंवा पडून फुटला तर मीच बाहेर राहीन. ही भीती खरी आहे, त्यामुळे तिची सोय पहिल्याच दिवशी करायची. एक म्हणजे तोच क्यूआर कोड आईच्या फोनवरच्या ॲपमध्येही स्कॅन करा. दोन्ही फोनवर एका वेळी तेच आकडे दिसतील. दुसरं, पोर्टल काही बॅकअप कोड देईल. प्रत्येक कोड एकदाच चालतो. ते छापून पीपीओच्या फायलीत ठेवा. फोनच्या गॅलरीत ठेवू नका, कारण फोनबरोबर तेही जातील. मलाही व्हॉट्सॲपवर पाठवू नका. क्यूआर कोडचा फोटोही काढू नका, गुप्त ओळ त्यातच असते. आणि पुढे कधी जुना फोन एक्स्चेंजमध्ये दिलात, तर आधी ॲपमधली खाती नव्या फोनवर हलवायची, मगच जुना फोन हातातून सोडायचा.

"तुझाच नंबर देऊन टाकतो, तू बघून सांग," असं तुम्ही म्हणाला होतात. तसं नको. तुम्ही बँकेत उभे असाल तेव्हा इथे मध्यरात्र असते. ओटीपी माझ्या उशाशी पडून राहील आणि तिकडे त्याची मुदत संपेल. पण खरं कारण वेगळं आहे. तुमच्या पेन्शनचं दार तुमच्याच हातात असायला हवं. माझा नंबर बदलला, मी आजारी पडलो, तर तुमचं काम अडू नये. इथून तुमच्या खात्यात लॉगिन करणं मलाही जमणार नाही, आणि ते योग्यच आहे.

म्हातारपणी हे जड जातं, हेही मी नाकारत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी हे जवळपास सगळ्या निवृत्तांचं पेन्शन खातं. त्यांनी जुलै २०१६ च्या अखेरीस फर्मान काढलं की लॉगिन करताना मोबाइलवर एसएमएसने आलेला कोड द्यावाच लागेल. मोबाइल नसलेले, एसएमएस न वापरणारे हजारो वृद्ध बाहेर राहिले, तक्रारींचा पूर आला, आणि दोनच आठवड्यांत सक्ती मागे घ्यावी लागली. पण दुसऱ्या पायरीचा विचार त्यांनी सोडला नाही. जून २०१७ मध्ये ती पुन्हा आली, या वेळी एसएमएस किंवा ईमेल असा पर्याय देऊन. मला त्यातलं हे पटतं की वृद्धांना जमत नाही म्हणून त्यांचं खातं उघडं ठेवलं नाही, त्यांना जमेल असा मार्ग काढला. तुम्हाला ॲप नकोसंच वाटलं तर एसएमएसचा पर्याय घ्या. नुसत्या पासवर्डपेक्षा तो कितीतरी बरा.

आता या कडीची मर्यादा. ती पासवर्ड चोरणाऱ्याला अडवते. पण तुम्ही स्वतः आकडे सांगितलेत तर तिचा उपयोग उरत नाही. ट्रेझरीतून असो, बँकेतून असो, माझं नाव सांगून असो, फोनवर कोणी ते सहा आकडे मागितले की फोन ठेवा. ते आकडे फक्त पोर्टलच्या पानावर टाकण्यासाठी असतात. तेही पान खोटं असू शकतं. हुबेहूब दिसणाऱ्या नकली पानावर तुम्ही पासवर्ड आणि आकडे टाकलेत, तर चोर त्याच अर्ध्या मिनिटात ते खऱ्या पोर्टलवर वापरतो. म्हणून मेसेजमधल्या लिंकवरून कधीच जाऊ नका, पत्ता स्वतः टाइप करा. आणि पत्त्यात पहिल्या तिरक्या रेघेच्या लगेच आधी काय आहे ते वाचा. सरकारी पोर्टल असेल तर तिथे `gov.in` हवं. `gov.in` नंतर टिंब देऊन आणखी काही जोडलेलं असेल तर ते पान सरकारी नाही. एसएमएसचा ओटीपी घेतलात तर नुसते आकडे न वाचता पूर्ण मेसेज वाचा. तुम्ही लॉगिन करताय आणि मेसेजमध्ये 'मोबाइल नंबर बदलण्यासाठी' असं लिहिलं असेल, तर तिथेच थांबा.

एवढं करूनही पैसे गेलेच, तर लाज बाळगत बसू नका, लगेच १९३० वर फोन करा आणि बँकेला कळवा. पैसे पुढच्या खात्यात थांबवता येतात ते पहिल्या काही तासांतच.

रविवारी तुमच्या सकाळी नऊला मी व्हिडिओ कॉल करतो. आईचाही फोन चार्ज करून ठेवा, प्रिंटरमध्ये कागद घाला आणि ऑथेंटिकेटर ॲप दोन्ही फोनवर आधीच घेऊन ठेवा, पण प्ले स्टोअरमधूनच. मी तोंडी सांगेन, बटणं तुम्हीच दाबायची. स्क्रीन शेअर करायची गरज नाही, आणि क्यूआर कोड दिसत असेल तेव्हा कॅमेरा दुसरीकडे वळवा.

आईला नमस्कार.

तुमचा मुलगा