अर्जंटचे दोनशे वेगळे

लग्नसराईत कुठल्याही लेडीज टेलरच्या दुकानात हे वाक्य ऐकू येतंच: "दादा, परवा हवाय ब्लाउज, कसंही करा." दादा मान डोलावतात, पैशांचं काही बोलत नाहीत आणि ब्लाउज नेताना दोनशे रुपये जास्त मागतात. भांडण तिथे होतं. दोनशे रुपये फार नसतात, पण ते शेवटी कळलेले असतात.

हे दोनशे येतात कुठून? समजा, अस्तराच्या प्रिन्सेस कट ब्लाउजची शिलाई सहाशे आहे आणि कारागिराला नगामागे अडीचशे मिळतात. परवाचा ब्लाउज शिवायचा तर तो रात्री थांबणार, त्याचे शंभर जास्त. हुक, काज आणि हातशिलाई घरी नेऊन करणाऱ्या बाईंना त्याच दिवशी काम हवं म्हणून चाळीस, आणि माणूस पाठवून ते आणण्याचे साठ. झाले दोनशे. यात मालकाच्या खिशात काहीच जात नाही. रांगेतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाची तारीख सरकली तर तिची बोलणी मात्र त्यालाच खावी लागतात. म्हणून काहीजण अडीचशे-तीनशे लावतात, आणि मला त्यात गैर दिसत नाही.

पैसे मोजूनही एक गोष्ट उरकता येत नाही. सुती अस्तर आधी भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्यावं लागतं. घाईत ते टाळलं तर पहिल्याच धुण्यात अस्तर आटतं आणि वरच्या कापडाला चुण्या पडतात. अस्तर भिजवायलाही वेळ नसेल, तर ऑर्डर न घेतलेली बरी.

सांगायचं ते माप घेण्याआधी, कापड अजून गिऱ्हाइकाच्या हातात असताना. एकदा काठ कापला की तिला परत जाता येत नाही, आणि मग दर सांगणं म्हणजे अडवणूक वाटते. "अर्जंट असेल तर जास्त पडतील" एवढंच म्हटलं तर किती, कशाचे, ते काहीच कळत नाही. त्यापेक्षा असं सांगावं: "ताई, नेहमीच्या रांगेत पुढच्या गुरुवारी मिळेल, सहाशेत. परवा संध्याकाळी हवा असेल तर कारागिराला रात्री थांबवावं लागेल, त्याचे दोनशे वेगळे. कसं करू?" यात दोन्ही तारखा आहेत, दोन्ही रकमा आहेत आणि निवड ताईंची आहे. बहुतेक वेळा त्या विचारतात, "ट्रायल मिळेल ना?" त्याचंही खरं उत्तर तेव्हाच द्यावं: उद्या रात्री आठला आलात तर मिळेल, नाहीतर नाही.

पावतीवर शिलाई सहाशे आणि खाली अर्जंट दोनशे असं वेगळं लिहावं, तारीख-वेळेसकट. एकत्र आठशे लिहिलं की पुढच्या खेपेला ताई मैत्रिणीला सांगतात, "तिथे ब्लाउज आठशेला आहे." आणि ठरलेल्या वेळी ब्लाउज तयार नसेल, तर त्यांनी मागण्याआधी ते दोनशे वजा करून टाकावेत. सहाशे तेवढे घ्यावेत.