फ्लायबॅक परिवर्तकातील ऊर्जासंचय आणि हवेच्या फटीचे कार्य

फ्लायबॅक परिवर्तकाच्या आकृतीत एका गाभ्यावर गुंडाळलेली दोन वेटोळी दिसतात आणि त्यामुळे अभ्यासक त्यांना सहजच रोहित्र म्हणतो. व्यवहारातही हेच नाव रूढ आहे. परंतु ते दिशाभूल करणारे आहे. रोहित्रामध्ये प्राथमिक व दुय्यम या दोन्ही वेटोळ्यांतून एकाच वेळी प्रवाह वाहतो, आणि एकाच्या अँपिअर-वेढ्यांचा दुसऱ्याच्या अँपिअर-वेढ्यांनी जवळजवळ पूर्ण परिहार होतो. गाभ्यात ऊर्जा साठणे हा तेथे एक अनिष्ट उपद्रव मानला जातो. फ्लायबॅक परिवर्तकात याच्या नेमके उलट घडते. त्याची दोन वेटोळी एकाच वेळी कधीच वाहत नाहीत (बदलाचा अत्यल्प क्षण वगळता), आणि ऊर्जा साठविणे हेच त्यांचे मुख्य कार्य असते. म्हणून त्यांना युग्मित प्रवर्तक म्हणणेच योग्य होय. ‘फ्लायबॅक’ हे नाव चित्रनलिकेच्या दूरचित्रवाणी संचावरून आले आहे. त्या संचात पडद्यावरील एक रेषा पुरी झाल्यावर इलेक्ट्रॉन-शलाका झटकन माघारी नेली जाई, आणि या परतीच्या क्षणी उत्पन्न होणाऱ्या उच्च दाबाचा उपयोग नलिकेसाठी केला जात असे.

एक उदाहरण घेतल्याने ही क्रिया स्पष्ट होईल. समजा, ३०० व्होल्ट एकदिश दाबापासून १२ व्होल्ट दाबाला १.२ अँपिअर प्रवाह हवा आहे. स्विच सेकंदाला एक लक्ष वेळा उघडतो व मिटतो. अर्थात् एका आवर्तनाला १० मायक्रोसेकंद लागतात. प्राथमिक वेटोळ्याचे प्रवर्तकत्व १.२ मिलिहेन्री असून त्याचे वेढे ९६, तर दुय्यमाचे १२ आहेत.

स्विच २ मायक्रोसेकंद मिटलेला राहतो. या काळात प्राथमिक वेटोळ्यावर ३०० व्होल्ट येतात व त्यातील प्रवाह शून्यापासून सरळ रेषेत वाढत ०.५ अँपिअरपर्यंत पोचतो. दुय्यम वेटोळ्यात ३७.५ व्होल्टांचा दाब प्रवर्तित होतो खरा, परंतु वेढ्यांची दिशा अशी ठेवलेली असते की डायोड त्याला अडवितो. भाराला लागणारा प्रवाह या काळात केवळ बाहेरच्या बाजूचे धारित्र पुरविते. प्रवर्तकात साठलेली ऊर्जा प्रवर्तकत्व व प्रवाहाचा वर्ग यांच्या गुणाकाराच्या निम्मी, म्हणजे १५० मायक्रोज्यूल भरते. ती एक लक्ष वेळा दिली की १५ वॉट होतात.

आता स्विच उघडतो. प्राथमिक प्रवाह तुटतो, परंतु गाभ्यातील चुंबकीय अभिवाह एका क्षणात नाहीसा होऊ शकत नाही. तो कमी होऊ लागताच दोन्ही वेटोळ्यांवरील दाबांची दिशा उलटते, डायोड वाहू लागतो आणि अँपिअर-वेढे दुय्यम वेटोळ्याकडे जातात. येथे प्रवाह अखंड राहत नाही. अखंड राहतात ते अँपिअर-वेढे. ९६ वेढ्यांतील ०.५ अँपिअरची जागा १२ वेढ्यांतील ४ अँपिअर घेतात. डायोडमध्ये अर्धा व्होल्ट खर्च होतो असे धरल्यास दुय्यमावर १२.५ व्होल्ट, आणि वेढ्यांच्या आठपट प्रमाणामुळे प्राथमिकावर १०० व्होल्ट उलट दिशेने दिसतात. चढताना ३०० व्होल्टांना २ मायक्रोसेकंद लागले, तर उतरताना १०० व्होल्टांना ६ लागणार हे उघड आहे. ४ अँपिअरपासून शून्यावर येणाऱ्या या प्रवाहाची पूर्ण आवर्तनावरील सरासरी १.२ अँपिअर येते. शेवटचे २ मायक्रोसेकंद दोन्ही वेटोळी रिकामी असतात.

ही ऊर्जा साठते कोठे, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. फेराइटचा गाभा दोन अर्धांचा बनवितात आणि मधल्या दांड्यात हवेची बारीक फट ठेवतात. दांड्याचे क्षेत्रफळ ३० चौरस मिलिमीटर धरल्यास वरील प्रवर्तकत्वासाठी सुमारे ०.२७ मिलिमीटर फट लागते. ४५ मिलिमीटर लांबीचा व २००० सापेक्ष पार्यतेचा फेराइट-मार्ग चुंबकीय दृष्ट्या अवघ्या ०.०२ मिलिमीटर हवेइतकाच ठरतो. म्हणून नऊ-दशांशाहून अधिक ऊर्जा त्या फटीत असते, फेराइटमध्ये नव्हे. गाभा हा केवळ अभिवाहाला फटीपर्यंत नेणारा मार्ग होय.

फट ठेवल्याने गाभ्यातील अभिवाह-घनता कमी होते, असे पुष्कळदा सांगितले जाते. या परिवर्तकापुरते ते बरोबर नाही. अभिवाहातील वाढ ही दाब, काळ व वेढे यांवरच अवलंबून असते. ३०० व्होल्ट २ मायक्रोसेकंद ९६ वेढ्यांना दिले की घनता शून्यापासून सुमारे ०.२१ टेस्लापर्यंत चढणारच, फट असो वा नसो. फरक पडतो तो प्रवाहात. फटीवाचून प्रवर्तकत्व सुमारे तेरापट होईल, तेवढ्याच काळात प्रवाह ०.०४ अँपिअरच्याही पुढे जाणार नाही आणि १५० मायक्रोज्यूलऐवजी केवळ १२ मायक्रोज्यूल साठतील. नियंत्रक-मंडल दाब राखण्यासाठी स्विचचा काळ वाढवू पाहील, तो ३ मायक्रोसेकंदांच्या आसपास जाताच घनता ०.३ टेस्ला ओलांडेल, आणि तापलेला फेराइट संपृक्त होऊन प्रवर्तकत्व कोसळेल. ऑसिलोस्कोपवर हा दोष लगेच ओळखता येतो: प्रवाहाची सरळ चढण शेवटी एकाएकी वर वळते. ही खूण दिसली की स्विच फार काळ तगणार नाही असे समजावे.

आतापर्यंत दोन्ही वेटोळ्यांचे युग्मन परिपूर्ण मानले. प्रत्यक्षात प्राथमिकाचा थोडा अभिवाह दुय्यमातून जात नाही. या गळतीचे प्रवर्तकत्व दोन टक्के, म्हणजे २४ मायक्रोहेन्री धरले तर त्यात प्रत्येक वेळी ३ मायक्रोज्यूल अडकतात. त्यांना दुय्यमाकडे जाण्याची वाट नसते. ते स्विचच्या स्वतःच्या धारकतेत शिरतात. ही धारकता १०० पिकोफॅरड असेल तर दाब आणखी २४५ व्होल्टांनी उसळतो. मूळचे ३०० व परावर्तित १०० धरून एकूण ६४५ व्होल्ट होतात, आणि ६०० व्होल्टांचा स्विच पहिल्याच आवर्तनात धोक्यात येतो. म्हणून प्राथमिकाला समांतर डायोड, धारित्र व रोधक यांचे दाबबंधक मंडल जोडतात. बंधन २०० व्होल्टांवर ठेवल्यास स्विचला ५०० व्होल्टच सोसावे लागतात. मात्र गळतीचा प्रवाह विझेपर्यंतच्या ०.१२ मायक्रोसेकंदात मुख्य वेटोळ्यातीलही थोडी ऊर्जा त्याच वाटेने जाते, आणि रोधकात ०.३ नव्हे तर ०.६ वॉट जळतात. बंधनाचा दाब परावर्तित दाबाच्या जितका जवळ आणावा तितका हा अपव्यय वाढत जातो. वेटोळ्यांच्या थरांची एकाआड एक रचना करून गळतीच कमी करणे अधिक श्रेयस्कर. पण त्यामुळे त्यांच्यामधील धारकता वाढते व विद्युत्-पृथक्करण राखणे कठीण होते.

दुय्यमाची टोके चुकून उलट जोडली गेली तर काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. मग स्विच मिटलेला असतानाच डायोड वाहतो, दुय्यमावरील ३७.५ व्होल्ट १२ व्होल्टांच्या धारित्रावर सरळ आदळतात आणि प्रवाहाला आवर घालणारे गळतीखेरीज काहीच उरत नाही. याउलट, जोडणी बरोबर असून भार व नियंत्रण दोन्ही सुटले, तर दर आवर्तनाचे १५० मायक्रोज्यूल धारित्रातच साचत जातात. १००० मायक्रोफॅरडचे धारित्र १२ व्होल्टांवरून २५ व्होल्टांवर जाण्यास अवघे १६ मिलिसेकंद पुरतात. १६ व्होल्टांसाठी बनविलेले धारित्र त्यापूर्वीच आपली मर्यादा ओलांडते.