बाळ गप्प झालं तर

मी निवृत्त फौजी, डॉक्टर नव्हे. पण आजचा विषय मी घरात शिकलो, आणि शिकताना एक चूकही केली. ती चूक तुमच्या घरी होऊ नये म्हणून हा भाग.

आमचा मुलगाही फौजेत आहे. त्याची पोस्टिंग सीमेवर, त्यामुळे सूनबाई बाळंतपणासाठी जबलपूरला आमच्याकडे होती. पहिलटकरीण. पाचवा महिना लागला आणि ती रोज विचारू लागली, "आई, बाळ अजून हलत कसं नाही?" माझ्या बायकोला आमच्या धाकट्याच्या वेळी चौथ्या महिन्यातच कळलं होतं, म्हणून तीही काळजीत.

डॉक्टरीणबाईंनी समजावलं. पहिलटकरणीला बाळाची हालचाल साधारण १८ ते २० आठवड्यांत जाणवते, काहींना त्याहून थोडी उशिरा. दुसऱ्या खेपेला १६ आठवड्यांतही कळते, कारण ती जाणीव ओळखीची झालेली असते. पहिल्या वेळी ती लाथ वाटतच नाही. पोटात बुडबुडा फुटल्यासारखं किंवा आतून काही फडफडल्यासारखं वाटतं. बायका त्याला गॅस समजून सोडून देतात. शिवाय वार पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर ती मध्ये गादीसारखी येते आणि सुरुवातीच्या हालचाली दबतात. सूनबाईचं तसंच होतं. तिला एकविसाव्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. पण २४ आठवडे झाले तरी काहीच जाणवलं नाही, तर पुढच्या तारखेची वाट न बघता दाखवायचं, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं.

पुढे हालचाली वाढत जातात आणि साधारण ३२ आठवड्यांनंतर एका पातळीवर स्थिरावतात. मोठ्या लाथांऐवजी सरकणं, ताणणं, कूस बदलणं जास्त जाणवतं. म्हणजे प्रकार बदलतो. पण "शेवटच्या महिन्यात जागा उरत नाही, म्हणून बाळ शांत होतं" ही समजूत चुकीची आहे. कळा सुरू होईपर्यंत, आणि त्या चालू असतानाही, बाळ हलत राहायला हवं.

बाळ झोपतंही. त्याची झोप बहुधा २० ते ४० मिनिटांची असते, दीड तासाच्या वर क्वचितच जाते. म्हणून तासभर शांतता म्हणजे संकट नव्हे. दुपारी आणि संध्याकाळी बाळं जास्त हलतात, आणि आई कामात असली की तिचं लक्ष जात नाही. हे सगळं धरूनही प्रत्येक बाळाची एक रीत असते. सूनबाईचं बाळ रात्रीच्या जेवणानंतर हमखास जागं व्हायचं.

सातवा महिना भरला, म्हणजे २८ आठवडे झाले, तेव्हा तिने मोजायला सुरुवात केली. रोज रात्री जेवण झाल्यावर डाव्या कुशीवर पडायचं, पोटावर हात ठेवायचा आणि घड्याळ बघायचं. लाथ, ढुशी, वळणं, प्रत्येक एक धरायचं. उचकी मोजायची नाही. ती एका ठेक्यात येते आणि ओळखू येते. दहा हालचाली झाल्या की किती मिनिटं लागली ते वहीत लिहायचं. तिला बहुधा २५ ते ४० मिनिटं लागत. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर दवाखाना. काही डॉक्टर वेगळी मोजणी सांगतात. ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांची पाळावी. आणि हालचाल पूर्ण थांबल्यासारखी वाटली तर मोजत बसूच नये, लगेच निघावं.

पस्तिसाव्या आठवड्यात एका सोमवारी रात्री दोन तासांत सहाच झाल्या. आम्ही लगेच गेलो. पोटाला पट्टे बांधून बाळाच्या ठोक्यांचा आलेख काढला. आलेख चांगला आला. तिथेच बाळाने दोन लाथाही मारल्या. आम्ही हसत घरी आलो.

गुरुवारी रात्री ती पुन्हा म्हणाली, "बाबा, आज परत कमी आहे. पाचच झाल्या." आणि मी म्हणालो, "अगं, परवाच तर सगळं ठीक निघालं. थोडं गोड खा, सकाळी बघू."

ही माझी चूक. फौजेत गस्तीवर गेलेली तुकडी ठरल्या वेळी वायरलेसवर बोलली नाही, तर "परवा बोलली होती" असं कोणी म्हणत नाही. सोमवारचा आलेख सोमवारच्या त्या वेळेपुरता होता. गुरुवारबद्दल तो काही सांगत नव्हता.

सूनबाईने ऐकलं नाही. तिला लाज वाटत होती, दवाखान्यातले लोक म्हणतील ही उगाच घाबरते. तरीही म्हणाली, "बाबा, गाडी काढा."

या वेळी आलेख तितकासा समाधानकारक नव्हता. सोनोग्राफी केली. बाळाची वाढ मागे पडली होती, गर्भजल कमी झालं होतं आणि नाळेतला रक्तप्रवाह नीट नव्हता. त्याच रात्री सिझेरियन झालं. मुलगी झाली, १ किलो ९५० ग्रॅम. नऊ दिवस काचेच्या पेटीत होती. आज शाळेत जाते.

नंतर डॉक्टरीणबाईंनी कारण सांगितलं. वारेतून पुरेसा प्राणवायू आणि पोषण मिळेना की बाळ काटकसर करतं. मेंदू आणि हृदय चालू ठेवायचं, तर हातपाय हलवणं कमी करायचं. म्हणून हालचाल मंदावणं ही बऱ्याचदा अडचणीची पहिली खूण असते, आणि ठोके बिघडतात ते त्यानंतर. म्हणूनच घरी ठोके ऐकायचं यंत्र आणून "ठोके आहेत, म्हणजे ठीक" असं समजू नये. त्यात कधी आईचेच ठोके ऐकू येतात, आणि बाळाचे ऐकू आले तरी ते दमलंय का हे त्यावरून कळत नाही.

घाबरवायचं म्हणून हे सांगत नाही. एकदा हालचाल कमी वाटून आलेल्या बहुतेक बायकांचं पुढे सगळं नीट पार पडतं. कधी बाळ झोपलेलं असतं, कधी आईने झोपेची किंवा गुंगीची गोळी घेतलेली असते. पण झोप आणि त्रास यांतला फरक घरी बसून ओळखता येत नाही. तो आलेख आणि सोनोग्राफीनेच कळतो. थंड पाणी, सरबत, पेढा यांनी बाळ जागं होईल म्हणून थांबण्यात फक्त वेळ जातो.

आणि आकड्याच्याही मागे लागू नका. दहा पुऱ्या झाल्या, पण रोज अर्धा तास लागायचा तिथे आज पावणेदोन तास लागले, तर तो बदलही सांगण्यासारखाच. मोजणीचा उपयोग एवढाच, की आपल्या बाळाची रीत आईला कळावी.

दुसऱ्यांदा कमी वाटलं तर दुसऱ्यांदा जायचं, तिसऱ्यांदा वाटलं तर तिसऱ्यांदा. आणि "पुन्हा तसंच होतंय, मागच्या वेळी अमुक दिवशी आले होते," हे दारातच सांगायचं, कारण वारंवार कमी होणं डॉक्टर जास्त गांभीर्याने घेतात. रात्री गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. बऱ्याच राज्यांत गरोदर बाईसाठी १०२ ची मोफत गाडीही मिळते.

घरातल्या सासऱ्यांना, नवऱ्यांना, सासूबाईंना माझं एकच सांगणं. ती म्हणाली "आज कमी आहे," तर त्यावर आपलं मत द्यायचं नाही. गाडीची किल्ली घ्यायची.