उंबऱ्यापासून मीटरबोर्डापर्यंत

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात रत्नागिरीतल्या काही व्यापाऱ्यांनी मला बोलावलं. वर्षभरात नवी दुकानं थाटलेले नऊजण जमणार होते आणि मला अर्धा तास मिळणार होता. विमा कंपन्यांसाठी अपघातांची पाहणी करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. गिऱ्हाईक पायरीवर घसरलं, नोकर शिडीवरून पडला, की त्याचे कागद माझ्या टेबलावर यायचे. दुकानदाराची जबाबदारी या विषयावर हॉलमध्ये बोललो असतो, तर जेवणानंतरच्या त्या उकाड्यात मंडळी पेंगली असती. म्हणून म्हटलं, तुमच्यापैकीच कुणाच्या तरी दुकानात जाऊ. दीड महिन्यापूर्वी किराण्याचं दुकान उघडलेल्या एका तरुणानं आनंदानं शटर वर केलं.

सुरुवात उंबऱ्यापासून. पायरीपासून गल्ल्यापर्यंत पांढरीशुभ्र, आरशासारखी टाइल. मी तांब्याभर पाणी मागितलं, त्यातलं थोडं दारातच ओतलं आणि त्या तरुणाला चपलेनं हळूच पाय सरकवायला सांगितलं. पाय वीतभर पुढे गेला. "काका, पावसात मी गोणपाट टाकणार आहे," तो म्हणाला. गोणपाटच आणायला लावलं. ओल्या टाइलवर टाकून त्यावर पाय ठेवला, तर गोणपाटासकट पाय सरकला.

मग त्यांना एका दुकानाची गोष्ट सांगितली. जुलैची संध्याकाळ, अशीच टाइल, असंच गोणपाट. साठीच्या एक बाई साखर घ्यायला आल्या आणि आत पाऊल टाकताच पडल्या. पडताना माणूस हात टेकतो, त्यामुळे मनगट मोडलं. प्लेट घालावी लागली. बाई घरून डबे पुरवायच्या, ते दोन महिने बंद पडले. दुकानदार मनानं वाईट नव्हता, पण चार माणसांत बोलून गेला, "बघून चालायला नको का?" पाच आठवड्यांनी वकिलाची नोटीस आली. दवाखान्याचं बिल, बुडालेली कमाई आणि सोसलेला त्रास धरून मागणी दोन लाख चाळीस हजारांची होती.

मी पाहणीला गेलो तेव्हा दुकानदाराचं म्हणणं एकच होतं, की पावसात फरशी ओली होणारच. त्यात तथ्य होतं. जमीन ओली झाली एवढ्यानं कुणी दोषी ठरत नाही. दुकानदारानं शहाण्या माणसाइतकी काळजी घेतली का, एवढंच पाहिलं जातं. त्यासाठी मी नेहमी दोन गोष्टी विचारायचो. धोका आहे हे तुम्हाला माहीत होतं का, किंवा माहीत असायला हवं होतं का? आणि असेल, तर तुम्ही काय केलंत? पहिल्याचं उत्तर शेजारच्या पानवाल्यानं दिलं. त्याच दिवशी सकाळी एक शाळकरी मुलगा त्याच जागी घसरला होता आणि सगळे हसले होते. दुसऱ्याचं उत्तर गोणपाट. कॅमेरा होता, पण रेकॉर्डिंग पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जायचं, त्यामुळे बाई घाईनं आल्या की सावकाश, हे दाखवायला दुकानदाराकडे काही उरलं नव्हतं. आणि गिऱ्हाइकाची थोडी चूक निघाली असती, तरी भरपाई तेवढी कमी झाली असती, माफ झाली नसती. शेवटी एक लाख दहा हजारांवर तडजोड झाली. खाली रबर असलेली काथ्याची जाड पायपुसणी तेव्हा सहाशे रुपयांना मिळत होती.

हे ऐकल्यावर स्टेशनरीचं दुकान काढलेल्या ताईंनी विचारलं, "सर, 'आपल्या जबाबदारीवर आत या' अशी पाटी लावली तर?" मी म्हटलं, लावा, पण तिच्या भरवशावर राहू नका. पाटी लावल्यानं निष्काळजीपणा माफ होत नाही. त्यापेक्षा दारात रबरी पायपुसणी टाका, छत्र्यांसाठी बादली ठेवा आणि पावसाळ्यात दर दोन तासांनी कोरडं पुसून घ्या. तेल सांडलं तर आधी लाकडाचा भुसा किंवा कपडे धुण्याची पावडर टाकून ते शोषून घ्या, मग पुसा. नुसतं ओलं फडकं फिरवलं तर तेल पसरतं. आणि कुणी पडलंच, तर खुर्ची द्या, पाणी द्या, दवाखान्यात न्या. माणुसकीनं कुणी गुन्हेगार ठरत नाही. मात्र 'सगळा खर्च मी देईन' असं लिहून देऊ नका, विमा असेल तर कंपनीला विचारल्याशिवाय तर नाहीच. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग त्याच दिवशी पेनड्राइव्हवर उतरवून ठेवा.

आत गेलो. फळीवर लाल तिखटाच्या पाव किलोच्या पिशव्या होत्या, वर दुकानाच्या नावाची सुबक चिठ्ठी. "घाऊक आणतो, इथं भरतो," तरुण अभिमानानं म्हणाला. इथं जरा थांबलो. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष मालामुळे इजा झाली, तर मुख्य जबाबदारी बनवणाऱ्यावर असते. नुसता विकणारा काही ठरावीक प्रसंगांतच सापडतो. पण त्यातला एक प्रसंग असा, की माल कुणी बनवला हेच सांगता येत नाही. दुसरा असा, की बनवणाऱ्यानं दिलेली सूचना विकणाऱ्यानं गिऱ्हाइकापर्यंत पोचवलीच नाही. आणि दुसऱ्यानं केलेल्या मालावर आपलं नाव लावणारा तर त्या कायद्याच्या नजरेत उत्पादकच. म्हणजे त्या सुबक चिठ्ठीनं हा पोरगा दुकानदाराचा कारखानदार झाला होता, आणि तिखट कुठून घेतलं याचं बिल त्याच्याकडे नव्हतं. अन्नाच्या कायद्यातही मुदत संपलेला माल विकला, किंवा तो कुणाकडून आला हे सांगता आलं नाही, तर विकणाराच जबाबदार.

यावरचा उपाय म्हणजे एक फाइल. पक्क्या बिलाशिवाय माल घ्यायचा नाही आणि बिलं महिन्यावार लावायची. नवा माल आला की तो मागे सरकवायचा, जुना पुढे आणायचा. आणि आठवड्यातून एक दिवस ठरवून मुदत संपत आलेला माल वेगळ्या खोक्यात काढायचा, खोक्यावर 'विक्रीसाठी नाही' असं लिहायचं. हे नुसतं तोंडी ठरवलं तर गर्दीच्या वेळी नोकर तोच पुडा गिऱ्हाइकाला देतो.

गल्ल्यावर बिलबुक होतं. खाली छापलं होतं, 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' ही ओळ चांगल्या मालापुरती चालेल. माल सदोष निघाला तर मात्र बिलावर लिहिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिली नसेल तर तीस दिवसांत तो परत घ्यायला नकार देणं ही ग्राहक संरक्षण कायद्यानं अनुचित व्यापार प्रथा ठरवली आहे. बिल न देणंही त्यातच येतं.

मग मी मान वर केली. गल्ल्याच्या मागे माळा होता आणि माळ्यावर तेलाचे पंधरा किलोचे डबे रचलेले. "खाली कसे काढता?" दुकानातला पोऱ्या, नुकताच एकोणीसचा झालेला, प्लॅस्टिकचं स्टूल घेऊन आला, त्यावर चढला आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन डबा ओढला. स्टुलाचे पाय बाहेरच्या बाजूला फाकले. नऊच्या नऊ जणांनी एकदम हात पुढे केले.

गिऱ्हाइकाच्या बाबतीत चूक कुणाची हे आधी पाहतात. नोकराच्या बाबतीत कायद्याची चाल वेगळी आहे. 1923च्या कायद्यापासून चालत आलेलं आणि आता सामाजिक सुरक्षा संहितेत आलेलं तत्त्व असं, की कामामुळे आणि काम करताना अपघात झाला, तर मालकाची चूक नसली तरी भरपाई द्यावी लागते. कोणत्या कामांना हे लागू होतं याची यादी आहे. तुमच्या दुकानातलं काम तिच्यात बसतं का, हे सल्लागाराला एकदा विचारून घ्या. पण बसलं नाही म्हणून सुटका झाली असं समजू नका. डुगडुगतं स्टूल देऊन जड डबा काढायला लावलं, एवढंही निष्काळजीपणाच्या दाव्याला पुरतं. "मी त्याला सांगितलं होतं, जपून चढ" हे वाक्य मी सव्वीस वर्षं ऐकलं आणि त्याचा उपयोग झालेला क्वचितच पाहिला. 

इथला उपाय जवळजवळ फुकटचा आहे. जड माल कमरेच्या खाली, हलका माल वर. डबे जमिनीवर आले आणि माळ्यावर कुरकुरे गेले, की निम्मा धोका संपला. उरलेल्यासाठी रबरी बूट असलेली लोखंडी घोडाशिडी घ्या, स्टूल दुकानातून हद्दपार करा. आणि नोकराचं नाव, वय, कामाला लागल्याची तारीख, पगार आणि त्याची सही एका वहीत ठेवा. भरपाई ठरते ती पगारावरून आणि वयावरून. वही नसेल तर मग सांगोवांगी आकडे धरले जातात.

शेवटी मीटरबोर्ड. दुकानात शीतपेयांचा फ्रिज होता आणि फ्रिजखाली पाणी साठलेलं. मी म्हटलं, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून दाखव. त्यानं बोर्ड उघडला, चार एमसीबी दाखवले आणि बटण शोधू लागला. बटण नव्हतं, कारण आरसीसीबीच नव्हता. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो. तो काही अँपिअर वीज जादा वाहिल्याशिवाय पडत नाही, आणि माणसाचा जीव जायला त्याच्या कितीतरी कमी वीज पुरते. आरसीसीबी मात्र तीस मिलीअँपिअरची गळती झाली की क्षणात वीज तोडतो. दोन-अडीच हजारांत बसवून होतो. महिन्यातून एकदा बटण दाबायचं. पडला तर ठीक, नाही पडला तर बदलायचा. पण बटणानं तो पडला म्हणजे अर्थिंगही चांगलं आहे असं समजू नका. ते वायरमनकडून पावसाळ्याआधी वेगळं तपासून घ्यावं लागतं.

विम्याचं विचारलं तेव्हा तरुणानं लगेच कर्जासोबत आलेली पॉलिसी काढली. आगीची होती. तिनं त्याचा माल वाचला असता, पडलेल्या बाईंचं मनगट किंवा पोऱ्याची पाठ तिच्यात नव्हती. दुकानदारांसाठीच्या पॉलिसीत 'सार्वजनिक दायित्व' आणि 'कर्मचारी भरपाई' हे भाग वेगळे मागून घ्यावे लागतात. पॉलिसीचं पहिलं पान वाचा. त्या दोन ओळींपुढे रक्कम नसेल, तर ते संरक्षण तुमच्याकडे नाही.

निघताना मी शाळेची चाळीस पानी वही त्याच्या हातात ठेवली. रोज शटर उघडताना फरशी, शिडी, बोर्ड आणि मुदतीचा खोका पाहायचा आणि एक ओळ लिहायची. त्यानं तिथंच पहिली ओळ लिहिली, 'आरसीसीबी नाही. वायरमनला फोन केला.' मी सगळ्यांना ती दाखवून म्हटलं, आता या गृहस्थांना 'मला माहीत नव्हतं' असं कधीच म्हणता येणार नाही. ही वही त्यांची साक्षीदार आहे, पण त्या ओळीखाली 'बसवला' ही ओळ आणि तारीख आली नाही, तर हाच साक्षीदार उलटतो. पावसाला दहा-बारा दिवस आहेत. तुम्हीही वही उघडण्याआधी वायरमनला बोलवा, आणि मग दोन्ही ओळी लिहा.